गोळी पोटात गेली का, आणि पोटाने ती घेतली का?

एका बाईंची फाइल तुमच्या हातात आहे असं समजा. वय ३८, वजन ६४ किलो, हाशिमोटोच्या आजारामुळे थायरॉइड ग्रंथी जवळजवळ बंद पडलेली. पहिल्या तपासणीत टीएसएच ४८. रोज १०० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन सुरू केलं. दीड-दोन महिन्यांनी टीएसएच ४१. डोस १५० केला, टीएसएच ५५. डोस २०० केला, टीएसएच १२. सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या खेपेला डोस २५० आणि टीएसएच ६२! बाई म्हणतात, "रोज घेते हो डॉक्टर. एक दिवस चुकत नाही."

ही केस मी हिशोब मांडण्यासाठी रचली आहे, कुणा खऱ्या रुग्णाची नाही. पण थायरॉइडच्या ओपीडीत थोडे दिवस बसलात तर अशी फाइल तुम्हाला दिसेलच. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला पाठवलेलं मागणीपत्र. रक्तात टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन, कमी पडलं की मागणी वाढते, पुरेसं झालं की उतरते. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असावा असा आकडा ६२ वर आहे, म्हणजे पिट्युटरीच्या लेखी या बाईंना औषध मिळतच नाहीये. ज्याची थायरॉइड पूर्ण बंद आहे अशा माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम पुरतात. यांना १०० च्या आसपास पुरायला हवे होते. अडीचपट देऊनही काही फरक नाही.

मग गोळी जाते कुठे? एकतर ती तोंडातच जात नाही, किंवा पोटात जाते पण आतडं ती घेत नाही. या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी जी चाचणी वापरतात तिचा इतिहास आज सांगते. औषध 'न घेणाऱ्या' रुग्णांबद्दल डॉक्टरांनी विसाव्या शतकात काय काय लिहिलं, हा माझ्या पीएचडीचा विषय, आणि ही चाचणी त्यातलं माझं सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात त्रास देणारं प्रकरण आहे. का, ते पुढे येईलच.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल, कारण 'टीएसएच अपेक्षेपेक्षा जास्त' असं म्हणायला आधी अपेक्षा तयार व्हावी लागते. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका रुग्ण स्त्रीला टोचला आणि ती सुधारली. वर्षभरात इतरांनी दाखवून दिलं की सुईची गरज नाही, ग्रंथी खाल्ली तरी चालते. यातलं किती शोषलं गेलं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. सूज उतरली का, आवाज मोकळा झाला का, नाडी वाढली का, एवढंच बघायचं. फरक नाही पडला तर आणखी द्यायचं.

शोषणाचा प्रश्न पहिल्यांदा उठला तो रुग्णावरून नाही, तर औषधावरून. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉल यांनी मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं केलं, आणि १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. आता शुद्ध रसायन हाती होतं, पण तोंडावाटे दिलं की टोचल्याच्या मानाने त्याचा परिणाम फारच कमी. पाण्यात नीट न विरघळणारं हे आम्ल आतड्यातून बरंचसं तसंच निघून जात होतं. त्याचा सोडियम क्षार १९५० च्या सुमारास वापरात आला तेव्हा कुठे ही अडचण सुटली. आजची गोळी म्हणजे तोच सोडियम क्षार.

पुढचा बदल १९६५ चा. त्या वर्षी माणसाच्या रक्तातलं टीएसएच रेडिओइम्युनोअसेने मोजता येऊ लागलं, आणि सत्तरच्या दशकात ते हळूहळू रोजच्या तपासणीत आलं. तोवर रुग्णांना दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम देण्याची रीत होती. टीएसएचवर नजर ठेवून डोस ठरवायला लागल्यावर लक्षात आलं की एवढ्याची गरजच नाही. १९७४ मध्ये स्टॉक, सर्क्स आणि ओपनहायमर यांनी हे ठामपणे मांडलं, आणि डोस उतरू लागले.

इथे क्षणभर थांबा, कारण या उतरत्या डोसमध्ये आपल्या प्रश्नाचं मूळ आहे. ज्याला रोज १०० ची गरज आहे त्याला ३०० मिळत होते असं धरा. आठवड्यातल्या दोन गोळ्या चुकल्या तरी सरासरी २१४ पडते, म्हणजे गरजेच्या दुप्पट. कुणाला काही कळणार नाही. तोच माणूस १०० वर आला आणि दोन चुकवल्या, तर सरासरी ७१. आता टीएसएच चढणार, आणि तो आकडा कागदावर छापून येणार. गोळ्या चुकवणं १९७० च्या आधीही होतंच. ते दिसू लागलं, कारण डोसमधला सैलपणा गेला आणि मोजमाप आलं. जुन्या लेखांत 'औषध न घेणारा थायरॉइडचा रुग्ण' सापडत नाही म्हणून तेव्हा लोक शिस्तीचे होते, असा निष्कर्ष काढू नका. मी पहिल्या वर्षी जवळजवळ काढला होता.

आणखी एक संशयित होता तो म्हणजे खुद्द गोळी. १९८७ मध्ये फिश आणि सहकाऱ्यांनी १९ रुग्णांवरचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. प्रमाण नेमकं राखलेल्या नव्या गोळीवर त्यांना सरासरी ११२ मायक्रोग्रॅम पुरत होते. आधीच्या घडणीच्या गोळीवर त्याच कामाला सरासरी १६९ लागत. म्हणजे लेबलवरचा आकडा आणि गोळीतलं औषध यात मोठं अंतर होतं, आणि त्याआधी ज्यांचं टीएसएच उगाच चढलेलं दिसलं त्यातल्या काही जणांचा काहीच दोष नसावा. याच अभ्यासात तोंडावाटे घेतलेल्या औषधातलं सुमारे ८१ टक्के शरीराला मिळतं असंही निघालं.

हे टक्के मोजायचे कसे? १९६८ मध्ये मार्गरीट हेज यांनी माणसातलं थायरॉक्सिनचं शोषण मोजून छापलं तेव्हाची पद्धत मोठी सुंदर होती. थायरॉक्सिनमध्ये आयोडीन असतंच, म्हणून किरणोत्सारी आयोडीनच्या दोन वेगळ्या खुणा वापरायच्या. एका खुणेचं औषध तोंडावाटे, दुसऱ्या खुणेचं शिरेतून. शिरेतलं सगळंच्या सगळं रक्तात पोचतं, तेव्हा दोघांची तुलना केली की तोंडावाटेचं किती पोचलं ते कळतं. पण ओपीडीतल्या प्रत्येक शंकेसाठी कुणी दोन-दोन किरणोत्सारी औषधं तयार करत बसणार नाही. सोपं काहीतरी हवं होतं.

ते सोपं काहीतरी म्हणजे एकदम मोठा डोस. साधी १०० ची गोळी देऊन रक्त तपासलं तर काय होईल ते बघा. त्यातले ७० मायक्रोग्रॅम शोषले जातील आणि थायरॉक्सिन ज्या जागेत पसरतं, साधारण अकरा-बारा लिटर, त्यात मिसळतील. लिटरमागे सहा मायक्रोग्रॅम, म्हणजे डेसिलिटरमागे ०.६ ची वाढ. निरोगी माणसात एकूण टी-फोर ८ च्या आसपास असतं. आठावर ०.६ ही वाढ प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चढउतारात हरवून जाते. पण दहा गोळ्या, १००० मायक्रोग्रॅम, एकदम दिल्या तर वाढ ६ होते. ती लपत नाही.

एवढा डोस झेपतो कसा, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो तुम्हालाही पडला असेल. थायरॉक्सिन हे साठवणीचं संप्रेरक आहे. पेशींवर खरं काम करतं ते टी-थ्री, आणि टी-फोरचं टी-थ्री होतं ते सावकाश, दिवसागणिक. त्यामुळे एका दिवसाच्या मोठ्या डोसचा शरीराला एकदम धक्का बसत नाही. तरीही हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल, ठोके अनियमित असतील किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमजोर असेल तर ही चाचणी करत नाहीत, किंवा फार जपून करतात. आधी ईसीजी काढतात.

या चाचणीला नाव आणि ओळख मिळाली ती १९९१ मध्ये. अमेरिकेतल्या एन, रेफेटॉफ, फाइन आणि वाइनट्रॉब या चौघांनी जामा या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. 'लेव्होथायरॉक्सिनचं स्यूडोमालअ‍ॅब्सॉर्प्शन', म्हणजे लेव्होथायरॉक्सिन शोषलं न जाण्याचा आभास, असं त्याचं शीर्षक. यातल्या रेफेटॉफ यांचं नाव लक्षात ठेवा. थायरॉइड संप्रेरक रक्तात भरपूर असूनही पेशी दाद देत नाहीत, या जन्मजात विकाराचं पहिलं वर्णन १९६७ मध्ये त्यांच्याच गटाने केलं होतं. थायरॉइडचे आकडे जिथे जुळत नाहीत अशा कोड्यांचा त्यांचा अभ्यास जुना होता. आणि या १९९१ च्या लेखातले रुग्ण सांगत होते की आम्ही गोळ्या घेतो, टीएसएच सांगत होतं की नाही, आणि डोळ्यांसमोर दिलेला डोस मात्र व्यवस्थित शोषला जात होता.

प्रत्यक्ष चाचणी कशी करतात? रुग्ण रात्रभर उपाशी. सकाळी शिरेत सुई लावून ठेवतात, म्हणजे पुन्हा पुन्हा टोचावं लागत नाही. पहिलं रक्त घेऊन टीएसएच, मुक्त टी-फोर आणि एकूण टी-फोर मोजतात. मग १०० च्या दहा गोळ्या नुसत्या पाण्याबरोबर, नर्सच्या समोर. गिळल्यावर तोंड उघडून, जीभ उचलून बघतात. हे वाचायलाही अवघड वाटतं, पण पुढचा सगळा हिशोब या एका निरीक्षणावर उभा असतो. गोळी गालात राहिली तर चाचणी 'आतडं घेत नाही' असं खोटंच सांगेल, आणि एका धडधाकट आतड्याची दुर्बिणीने तपासणी सुरू होईल. त्यानंतर रुग्णाला वॉर्डाबाहेर जाऊ देत नाहीत. अर्ध्या-एक तासाच्या अंतराने चार ते सहा तास रक्त घेतात. टी-फोरचं शिखर बहुधा दोन ते चार तासांच्या मध्ये येतं.

आणि हे सूत्र:

```
Vd (L) = 0.442 × BMI
% absorbed = (ΔT4 × 10 × Vd / dose) × 100
```

पहिल्या ओळीत थायरॉक्सिन किती लिटर जागेत पसरेल याचा अंदाज उंची-वजनावरून काढला आहे. दुसरीत एकूण टी-फोरची वाढ, म्हणजे शिखरातून सुरुवातीचा आकडा वजा, मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये घ्यायची. दहाने गुणलं की ती लिटरमागे होते. डोस मायक्रोग्रॅममध्ये. निरोगी माणसात उत्तर साधारण ६० ते ८० टक्के येतं.

आपल्या बाईंची उंची १५८ सेंटिमीटर, म्हणून बीएमआय २५.६ आणि पसरण्याची जागा ११.३ लिटर. गोळ्यांआधी एकूण टी-फोर ३.०. एका तासाने ६.२, दोन तासांनी ९.१, तीन तासांनी ९.४, चार तासांनी ९.२. वाढ ६.४, म्हणजे लिटरमागे ६४. गुणिले ११.३ म्हणजे ७२३ मायक्रोग्रॅम. हजारातले ७२३, म्हणजे ७२ टक्के. आतडं ठणठणीत आहे. हीच वाढ ६.४ ऐवजी १.६ असती तर उत्तर १८ टक्के आलं असतं, आणि मग सिलिअ‍ॅक, जठराचा दाह, जिआर्डिया, पूर्वीची आतड्याची शस्त्रक्रिया या वाटेने शोध घ्यावा लागला असता.

सूत्रात दशांश आहेत म्हणून त्याच्यावर फार विसंबू नका. पसरण्याच्या जागेचा आकडा हा अंदाज आहे. चार तासांत थोडं औषध पेशींत आणि यकृतात जातंच, ते या हिशोबात येत नाही. ७२ आणि १८ यांतला फरक खरा, ७२ आणि ६५ यांतला नाही. गर्भारपणात किंवा इस्ट्रोजेन चालू असताना रक्तातली थायरॉक्सिन वाहून नेणारी प्रथिनं वाढतात आणि एकूण टी-फोर फुगलेलं दिसतं. म्हणून अलीकडे बरेच जण मुक्त टी-फोर बघतात. कोलकात्याच्या एका गटाने २०२० मध्ये हेच केलं. १००० मायक्रोग्रॅम दिल्यावर तीन तासांनी मुक्त टी-फोर डेसिलिटरमागे ०.४० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर खरा शोषणदोष नसावा, अशी रेघ त्यांनी आखली. दोनदाच रक्त घ्यायचं, सूत्र नाही. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत हे जमण्यासारखं आहे. पण बायोटिनच्या गोळ्या चालू असतील (केसांसाठी खूप जण घेतात) तर काही यंत्रांवर मुक्त टी-फोर खोटंच जास्त आणि टीएसएच खोटंच कमी दिसतं. काही दिवस आधी त्या थांबवायच्या.

आता त्रास देणाऱ्या भागाकडे येते. ७२ टक्के आले. याचा अर्थ काय? फाइलवर लिहिलं जातं, 'रुग्ण औषध घेत नाही.' पण चाचणीने असं सांगितलेलंच नाही. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नर्ससमोर दिलेलं औषध हे आतडं शोषू शकतं, एवढंच तिने सांगितलं आहे. घरी ती गोळी कशाबरोबर जाते याबद्दल चाचणी गप्प आहे. कॉफीबरोबर, लोहाच्या गोळीबरोबर, कॅल्शियमबरोबर घेतली तर शोषण घटतं. जठरातलं आम्ल कमी असेल, मग ते आजारामुळे असो की पित्ताच्या गोळीमुळे, तर गोळी नीट विरघळत नाही. काही ठिकाणी चाचणीत गोळ्या कुटून किंवा द्रवरूपात देतात. त्यात तर विरघळण्याची पायरीच वगळली जाते आणि नेमका हा दोष चाचणीच्या नजरेतून सुटतो. म्हणजे चाचणी विचारते एक, आणि आपण उत्तर वाचतो दुसऱ्याच प्रश्नाचं.

माझ्या मावशीचं टीएसएच काही वर्षांपूर्वी ११ आलं होतं, डोस १२५ असताना. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही गोळ्या चुकवताय." चाचणी वगैरे काही नाही, नुसतं वाक्य. मावशी घरी येऊन रडली, कारण ती एकही चुकवत नव्हती. उशाशी बाटली होती, आणि सकाळच्या दुधाच्या चहाबरोबर थायरॉइडची गोळी, कॅल्शियमची गोळी, पित्ताची गोळी, तिन्ही एकदम. शिस्तीत! कुणी कधी सांगितलंच नव्हतं की या तिघी एकत्र नकोत. तिची शोषण चाचणी केली असती तर ती बहुधा चांगलीच आली असती, आणि त्या डॉक्टरांचं वाक्य सिद्ध झाल्यासारखं दिसलं असतं.

मग आपल्या फाइलमधल्या बाईही मावशीसारख्याच असतील का? इथे आकड्यांचं आकारमान बघायला शिका. कॅल्शियमने किती फरक पडतो हे २००० मध्ये जामामध्येच आलेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. थायरॉक्सिन घेणाऱ्या २० रुग्णांना तीन महिने रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेही गोळीबरोबरच दिलं. सरासरी टीएसएच १.६ वरून २.७ झालं. वाढलं हे खरं, पण ६२ नाही झालं. आपल्या बाईंना १०० ची गरज आणि २५० चालू. चहा, कॅल्शियम आणि पित्ताची गोळी यांनी मिळून नेहमीच्या निम्मं शोषण मारलं असं धरलं तरी १२५ च्या गोळीइतकं औषध पोचायला हवं. टीएसएच उतरायलाच हवा. तो उपचारांआधी ४८ होता आणि आता ६२ आहे, म्हणजे जवळजवळ काहीच आत जात नाहीये. एवढा मोठा खड्डा दोनच गोष्टींनी पडतो, फार बिघडलेलं आतडं किंवा न घेतलेल्या गोळ्या. ७२ टक्क्यांनी पहिली बाद केली. अशा वेळी चाचणीचं उत्तर खरोखर निर्णायक आहे. टीएसएच ११ असताना ते तसं नसतं.

फाइलमध्ये आणखी एक खूण होती, तुमच्या लक्षात आली का? २०० वर असताना टीएसएच १२ झाला होता. बिघडलेलं आतडं असं मध्येच सुधारून परत बिघडत नाही. गोळ्या घेण्याचे महिने आणि न घेण्याचे महिने मात्र असे येतात-जातात. आणि त्या वेळचं मुक्त टी-फोर बघायला मिळालं तर आणखी कळतं. टी-फोर आणि टीएसएच ही दोन वेगळ्या गतीची घड्याळं आहेत. भरपूर गोळ्या घेतल्या की टी-फोर काही दिवसांत वर येतं, पण टीएसएच खाली यायला पाच-सहा आठवडे लागतात, कारण थायरॉक्सिनचा अर्धा साठा संपायलाच आठवडा लागतो आणि पिट्युटरी त्याच्याही मागून चालते. म्हणून तपासणीची तारीख जवळ आल्यावर चार-पाच दिवस कुणी मनापासून गोळ्या घेतल्या, तर रिपोर्टवर टी-फोर चांगलं आणि टीएसएच चढलेलं अशी न जुळणारी जोडी दिसते. अर्थात हीच जोडी टीएसएच मोजणाऱ्या यंत्राला फसवणाऱ्या प्रतिपिंडांमुळे किंवा रेफेटॉफ यांच्या त्या जन्मजात विकारातही दिसू शकते. ज्यांचं टी-फोरही कमी आहे त्यांच्यात मात्र या दोन शंका मुळातच लागू पडत नाहीत.

एका सकाळच्या चाचणीतून न सुटणारी शंका आठवड्याच्या डोसने बरीच सुटते. थायरॉक्सिन शरीरात इतका काळ टिकतं की रोज न देता आठवड्याचं एकदम दिलं तरी चालतं. न्यूझीलंडमधल्या एका गटाने १९९७ मध्ये हे पद्धतशीर तपासून पाहिलं होतं. खरं तर ही कल्पना त्याहून शंभर वर्षं जुनी. १८९२ मध्ये प्लिमथचे डॉ. फॉक्स आपल्या रुग्णाला मेंढीची ग्रंथी हलकी परतून, करंटच्या जेलीबरोबर, आठवड्यातून एकदा खायला सांगत होते. २०१३ मध्ये शेफील्डच्या डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. आधी शोषण चाचणी, मग काही आठवडे दर आठवड्याला एक डोस कुणाच्या तरी देखत, आणि शेवटी टीएसएच. देखत दिलेल्या डोसवर टीएसएच उतरला, तर आतडंही ठीक आणि पेशींचं ऐकणंही ठीक. हा एक पुरावा मला चाचणीपेक्षा जास्त पटतो, कारण त्यात सूत्र नाही, अंदाज नाही. शिवाय तोच उपचारही आहे. ज्यांना रोजची गोळी जमत नाही त्यांच्यासाठी आठवड्याचा डोस पुढेही चालू ठेवता येतो.

१९९१ च्या त्या लेखाचं शीर्षक मी पुन्हा पुन्हा वाचते. 'स्यूडो' हा शब्द आतड्याबद्दल आहे. शोषण न होण्याचा आभास आहे, आतडं बरोबर आहे, एवढंच तो म्हणतो. पुढच्या काळात मात्र तो रुग्णाला चिकटलेला दिसतो. खोटं बोलणारी, लपवणारी, लक्ष वेधून घेणारी अशी विशेषणं त्याच्या आसपास जमतात. काही रुग्ण खरंच लपवतात. पण ज्या मेंदूला महिनोन्‌महिने थायरॉक्सिन मिळालेलं नाही त्याचा विसरभोळेपणा आणि मरगळ ही आजाराचीच लक्षणं आहेत, हे त्या विशेषणांच्या गर्दीत क्वचितच कुणी लिहितं. थायरॉइड मंद म्हणून गोळी विसरते आणि गोळी विसरते म्हणून थायरॉइडची उणीव वाढते. यात खोटं बोलण्याची गरजच पडत नाही. "रोज घेते" हे त्या बाईंना स्वतःला खरंच वाटत असू शकतं.

तेव्हा ७२ टक्क्यांचा कागद हाती आल्यावर तो बाईंसमोर आपटायचा नाही. "तुमचं आतडं चांगलं आहे, औषध तुम्हाला लागू पडेल," असं सांगायचं, आणि ते खरंही आहे. मग दर सोमवारी सकाळी वॉर्डात येऊन नर्ससमोर ७०० मायक्रोग्रॅम. वजनाप्रमाणे आठवड्याची गरज येते ७१७, गोळ्यांच्या हिशोबात सात. माझ्या या रचलेल्या केसमध्ये सहा सोमवारांनंतर टीएसएच ६२ वरून ७ वर येतो.

आणि एक काम त्याच दिवशी करायचं, जे पुष्कळदा राहून जातं. फाइलवरचा २५० चा डोस खोडायचा. तो आकडा कधीच प्रत्यक्षात आलेला नव्हता, तो फक्त चुकलेल्या गोळ्यांवर रचलेला ढीग होता. उद्या बाईंची मुलगी मोबाइलवर गजर लावून आईला रोज गोळी द्यायला लागली, किंवा त्या दुसऱ्याच कारणासाठी रुग्णालयात दाखल झाल्या आणि वॉर्डातल्या सिस्टरने प्रिस्क्रिप्शन पाहून नेमाने २५० दिले, तर काही आठवड्यांत टी-फोर वर चढेल, हात थरथरतील, ठोके अनियमित होतील. ज्या बाईंना तीन वर्षं औषध कमी पडत होतं त्या औषध जास्त झालं म्हणून दाखल होतील. नव्या कागदावर १०० लिहायचं, खाली 'उपाशीपोटी, पाण्याबरोबर, कॅल्शियम चार तासांनी', आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख.